आकडा कोणी लिहिला? प्रत्यक्षार्थवाद, अन्वयार्थवाद आणि एक जुना वाद

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच, आणि माझ्यासमोर बसणारी बरीचशी मुलेमुलीही आपापल्या घरातली पहिलीच. संशोधनपद्धतीचा पेपर जवळ आला की ही मुले गाईडमधला एक तक्ता पाठ करतात. डाव्या बाजूला प्रत्यक्षार्थवाद : सर्वेक्षण, प्रश्नावली, सरकारी आकडेवारी. उजव्या बाजूला अन्वयार्थवाद : दीर्घ मुलाखत, निरीक्षण, पत्रे, रोजनिशा. तक्ता चुकीचा नाही. परंतु डावीकडच्या माणसाला आकडेच का हवेत आणि उजवीकडच्याला माणसाचे बोलणेच का हवे, हे त्यात कोठेच नसते. त्यामुळे ही जणू दोन दुकाने आहेत आणि आपल्या आवडीप्रमाणे कोठूनही माल घ्यावा, असा समज होतो.

चळवळीतही हा वाद वेगळ्या रूपाने ऐकू येतो. एक कार्यकर्ता म्हणतो, आकडे द्या, आकड्यांशिवाय कोणी ऐकत नाही. दुसरा म्हणतो, आकडे सरकारचे असतात, आम्ही भोगले ते आम्हालाच सांगू द्या. या दोघांचे भांडण नवे नाही. समाजशास्त्राच्या इतिहासात ते एकाच विषयावर शंभर वर्षांहून अधिक काळ चालले, आणि तो विषय म्हणजे आत्महत्या. हा एकच वाद नीट समजून घेतला तर तक्ता पाठ करावा लागत नाही. म्हणून तो येथे थोडा विस्ताराने मांडतो.

१

प्रत्यक्षार्थवाद हा शब्द ऑग्युस्त कोंत या फ्रेंच विचारवंताने रूढ केला. निसर्गाचे नियम जसे निरीक्षणाने आणि तुलनेने सापडतात तसेच समाजाचेही सापडतील, हा त्याचा विश्वास होता. परंतु कोंतने नियम शोधण्याची घोषणा केली. प्रत्यक्ष शोधून दाखवण्याचे काम एमिल द्यूर्खेम याने केले. १८९५ मध्ये त्याने समाजशास्त्राच्या पद्धतीचे नियम सांगणारे पुस्तक लिहिले आणि दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, ते नियम लावून आत्महत्येवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

विषयाची निवड मुद्दाम केलेली होती. स्वतःचा जीव घेणे यापेक्षा अधिक खाजगी कृती कोणती? त्याचे कारण त्या माणसाच्या मनात शोधावे असेच कोणालाही वाटेल. द्यूर्खेमने मात्र एकेका माणसाकडे न पाहता देशादेशांचे दर पाहिले. ते वर्षानुवर्षे जवळपास स्थिर असतात. माणसे बदलतात, त्यांची दुःखे बदलतात, पण दर दहा लाख लोकांमागे होणाऱ्या आत्महत्या फारशा हलत नाहीत. आणि दोन देशांतला फरकही टिकून राहतो. एकेका मनाच्या लहरीतून असा स्थिर दर निघणार नाही. तेव्हा माणसांच्या बाहेर, त्यांच्यावर दाब आणणारे काहीतरी आहे. त्याला त्याने सामाजिक तथ्य म्हटले आणि त्याकडे एखाद्या वस्तूकडे पाहावे तसे पाहा, असा नियम घातला.

प्रत्यक्षार्थवाद्याला आकडे का हवेत याचे उत्तर येथेच मिळते. जे बळ माणसाच्या बाहेरून काम करते ते त्या माणसाला स्वतःला ठाऊक असेलच असे नाही. मग त्याला विचारून काय मिळणार? ते बळ फक्त मोठ्या समूहांची तुलना केल्यावर दिसते. म्हणून हवी सरकारी आकडेवारी, म्हणून हवी सर्वांना सारखीच विचारलेली प्रश्नावली, आणि म्हणून हवी अशी मोजणी की जी उद्या दुसऱ्या कोणी केली तरी उत्तर तेच यावे.

द्यूर्खेमने ही तुलना कशी केली ते एका उदाहरणावरून पाहू. प्रॉटेस्टंट देशांत आत्महत्या जास्त आणि कॅथलिक देशांत कमी, हे त्याच्या आधीच्या अभ्यासकांनाही दिसले होते. पण देश बदलला की हवा, राज्यपद्धती, संपत्ती सारेच बदलते. मग फरक धर्माचा कशावरून? म्हणून त्याने बव्हेरिया या एकाच राज्यातले प्रांत घेतले. जेथे कॅथलिक निम्म्याहून कमी होते अशा प्रांतांत दर दहा लाखांमागे सरासरी १९२ आत्महत्या होत्या. जेथे ते निम्म्याहून जास्त, पण नव्वद टक्क्यांच्या आत होते, तेथे १३५. आणि जेथे ते नव्वद टक्क्यांच्या वर होते, तेथे ७५. कॅथलिकांचे प्रमाण पायरीपायरीने चढते तसा आत्महत्येचा दर पायरीपायरीने उतरतो.

पुढची पायरी कारणाची. दोन्ही पंथ आत्महत्येला पापच मानतात, तेव्हा फरक शिकवणुकीचा नव्हे. प्रॉटेस्टंट अधिक शिकलेले म्हणून असे होते काय? तर ज्यू लोक त्यांच्याइतकेच किंवा त्यांच्याहून अधिक शिकलेले, आणि त्यांच्यात आत्महत्या कमी. तेव्हा शिक्षणही नव्हे. उरतो तो समूहाचा बांधलेपणा. कॅथलिक माणूस चर्च, विधी आणि समुदाय यांत घट्ट गुंतलेला असतो. छळ सोसत आलेला ज्यू समाज एकमेकांना धरून राहतो. प्रॉटेस्टंट आपल्या विचारावर एकटा उभा असतो. हाच बांधलेपणा त्याने कुटुंबाबाबतही पाहिला. त्यासाठी फ्रान्सच्या न्यायखात्यातील सुमारे २६,००० आत्महत्यांच्या नोंदी त्याचा भाचा मार्सेल मोस याने वय, लिंग, विवाह आणि अपत्ये यांप्रमाणे लावून दिल्या. त्या नोंदी मिळाल्या त्या गाब्रिएल तार्द याच्या खात्यातून, आणि हा तार्द म्हणजे द्यूर्खेमचा वैचारिक प्रतिस्पर्धी! असा हा सारा डोलारा. शंभर वर्षे विद्यार्थ्यांना तो नमुना म्हणून दाखवला गेला, आणि तो खरोखरच नमुनेदार आहे.

२

परंतु या ग्रंथात एक जागा अशी आहे की तेथे वाचकाने थांबलेच पाहिजे. सरकारी नोंदींत आत्महत्येचे कारणही लिहिलेले असे : दारिद्र्य, घरगुती भांडण, प्रेमभंग, दारू. द्यूर्खेमने हे कारणांचे रकाने वापरायला स्पष्ट नकार दिला. तो म्हणतो त्याचा आशय असा की, ही कारणांची आकडेवारी नव्हे, ही कारणांविषयी अधिकाऱ्यांच्या मतांची आकडेवारी आहे. कनिष्ठ अधिकारी घाईघाईने दोनचार माणसांना विचारतो आणि जे पटेल ते लिहितो. पुरावाही त्याने दिला : आत्महत्यांची संख्या वाढत गेली तरी निरनिराळ्या कारणांचे आपसातले प्रमाण जवळपास तेच राहिले. म्हणजे प्रमाण ठरत होते ते लिहिणाऱ्याच्या डोक्यातल्या साच्यातून.

इतके धारदार बोलल्यावर द्यूर्खेमने त्याच नोंदवहीतला शेजारचा रकाना मात्र निःशंकपणे घेतला. हा मृत्यू आत्महत्या होता की अपघात, हेही त्याच अधिकाऱ्याने ठरवलेले असते. बरे, द्यूर्खेमची स्वतःची व्याख्या काय? आपल्या कृतीने मरण येणार हे मरणाऱ्याला ठाऊक असताना त्याने केलेली कृती ती आत्महत्या. ठाऊक असताना! म्हणजे मृताच्या मनात काय होते ते कोणीतरी ओळखल्याशिवाय तो मृत्यू या रकान्यात पडूच शकत नाही. मनाला दाराबाहेर ठेवून सुरू झालेल्या शास्त्राच्या पहिल्याच आकड्यात मन येऊन बसलेले आहे. फक्त ते ओळखण्याचे काम शास्त्रज्ञाऐवजी हवालदाराने केलेले आहे.

आकडा कसा जन्मतो हे आपल्याकडे फार दूर जाऊन पाहावे लागत नाही. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. वस्तीतल्या त्यांच्या बहुतेक सोबत्यांचीही तीच. आजीला एवढेच आठवत होते की पेरणी उरकली होती आणि ओढ्याला पाणी होते. नाव घालताना गुरुजींना एक तारीख हवी होती. शाळा जूनमध्ये सुरू होते, त्यांनी १ जून लिहिली. उद्या एखाद्या संशोधकाने शाळांच्या वह्या गोळा करून जन्मांचा महिनावार तक्ता केला, तर गरिबांची मुले जूनच्या पहिल्या तारखेलाच का जन्मतात यावर त्याला एक सिद्धांत मांडता येईल. त्याची बेरीज अचूक असेल. पण तक्त्यात दिसेल ती शाळेची सोय, जन्म नव्हे.

३

अन्वयार्थवादाचे म्हणणे येथून सुरू होते. त्याचे मूळ जर्मनीत आहे. विल्हेल्म डिल्टाय याने मांडले की निसर्गाचे आपण स्पष्टीकरण करतो, पण माणसाच्या जगाचे आकलन करावे लागते. माक्स वेबरने त्याला समाजशास्त्राचे रूप दिले. वेबरच्या मते समाजशास्त्राचा विषय आहे सामाजिक कृती, आणि करणाऱ्याने तिला काही अर्थ दिलेला असतो म्हणूनच ती कृती ठरते. दगड पडतो त्याला अर्थ नसतो. माणूस हात वर करतो तो नमस्कार असेल, धमकी असेल, मतदान असेल. बाहेरून तिन्ही सारखेच दिसते. तेव्हा अर्थ वगळून केलेली मोजणी नेमके काय मोजते, हेच सांगता येत नाही.

म्हणून अन्वयार्थवाद्याला माणसाचे बोलणे हवे, त्याने लिहिलेले पत्र हवे, तो वावरतो तेथे जाऊन राहणे हवे. मोजके लोक घ्यावेत, पण ते जगाला कोणत्या शब्दांत धरतात ते समजेपर्यंत त्यांच्याजवळ थांबावे. वेबर मात्र आकड्यांचा शत्रू नव्हता. अर्थ पटतो एवढ्याने भागत नाही, असे प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा घडते काय तेही दाखवले पाहिजे, असे तो बजावत असे. गाईडमधल्या तक्त्यात वेबरची ही अट येत नाही.

आत्महत्येच्या प्रश्नाला ही दृष्टी नेमकेपणाने लावली ती अमेरिकेतल्या जॅक डग्लस याने, १९६७ मध्ये. त्याने द्यूर्खेमच्या निष्कर्षावर नव्हे, कच्च्या मालावर बोट ठेवले. समजा एखादा समूह घट्ट बांधलेला आहे. त्याच्यात आत्महत्या म्हणजे घराण्याला काळिमा, चर्चच्या स्मशानात जागा नाही. अशा घरात मृत्यू झाला तर तो अपघात ठरावा असे वाटणारी माणसेही जास्त आणि तसे ठरवून घेण्याइतकी त्यांची ओळखही जास्त. एकट्यादुकट्याच्या मृत्यूला असे झाकणारे कोणी नसते. मग आकड्यांत काय दिसेल? बांधलेल्या समूहात आत्महत्या कमी! म्हणजे द्यूर्खेमला सापडलेला नियम मरण्याचा असेल, किंवा लपवण्याचा असेल. नुसत्या आकड्यांवरून दोन्हींत फरक करता येत नाही.

इंग्लंडमध्ये मॅक्सवेल अॅटकिन्सन आणखी पुढे गेला. संशयास्पद मृत्यूचा निर्णय तेथे कॉरोनर नावाचा अधिकारी देतो. मुंबईतही हे पद दीर्घकाळ होते. अॅटकिन्सनने कॉरोनरांशी बोलून, त्यांच्या चौकशांना बसून, कागदपत्रे पाहून ते निर्णयाला कसे येतात याचा शोध घेतला आणि १९७८ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. कॉरोनर चार खुणा पाहतात असे त्याला आढळले : मागे चिठ्ठी आहे काय, मृत्यू कोणत्या प्रकारचा आहे, तो कोठे, कशा परिस्थितीत झाला, आणि मृताचे आयुष्य कसे होते. चौथी खूण महत्त्वाची. माणूस एकाकी होता, नोकरी गेली होती, बायको सोडून गेली होती, तर आत्महत्या असावी. सुखवस्तू, संसारी, उद्याचे बेत आखणारा होता, तर अपघात असावा. कॉरोनरजवळ आत्महत्या करणारा माणूस कसा असतो याची एक लौकिक कल्पना असते आणि तो मृताला तिच्याशी जुळवून पाहतो. मग समाजशास्त्रज्ञ येतो, हे निर्णय गोळा करतो, बेरीज करतो आणि जाहीर करतो की एकाकी माणसे जास्त आत्महत्या करतात. कॉरोनरने आत घातलेलेच त्याने बाहेर काढलेले असते.

कायद्यानेही आकडा हलतो. इंग्लंडमध्ये आत्महत्या १९६१ पर्यंत गुन्हा होती. गुन्हा राहिला नाही तरी निर्णयासाठी फौजदारी खटल्याइतका पक्का पुरावा लागे. शंका उरली तर निर्णय वेगळा. २०१८ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अधिक संभाव्य काय, एवढे पाहणे पुरे. मरणारे तेच, मरणे तेच. पण त्या निर्णयाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून कोणी आलेख काढला तर त्याला आधी हा बदल बाजूला काढावा लागेल.

४

येथे आपल्यापैकी अनेकांना वाटेल की आकड्यांचा निकाल लागला. तसे झालेले नाही. प्रत्यक्षार्थवाद्यांनी दिलेले उत्तरही तितकेच विचार करायला लावणारे आहे. १९६८ मध्ये सेन्सबरी आणि बॅरॅक्लाफ या दोघांनी एक साधी युक्ती केली. वेगवेगळ्या देशांतून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेल्या लोकांचे आत्महत्येचे दर त्यांनी घेतले आणि ते त्यांच्या मूळ देशांच्या दरांशी लावून पाहिले. मायदेशी ज्यांचा दर वरचा, त्यांचा अमेरिकेतही वरचा. तिकडे खालचा, तर इकडेही खालचा. आता हे मृत्यू नोंदवणारे अधिकारी अमेरिकेचे होते, त्या त्या देशांचे नव्हते. फरक केवळ नोंदणाऱ्यांच्या सवयींचा असता तर अमेरिकेत येताच तो पुसला जायला हवा होता. तो पुसला गेला नाही. म्हणजे आकड्यांत अधिकाऱ्याचा हात असला तरी आकडा म्हणजे केवळ अधिकाऱ्याचा हात नव्हे.

याच्या उलट एक अभ्यास १९९६ मध्ये आला. व्हॅन पॉपेल आणि डे यांनी नेदरलँडच्या १९०५ ते १९१० या वर्षांच्या मृत्युनोंदी पाहिल्या. त्यांत कॅथलिकांची आत्महत्या प्रॉटेस्टंटांपेक्षा कमी होती, द्यूर्खेमने सांगितली तशीच. पण त्यांनी शेजारचे रकानेही तपासले : अकस्मात मृत्यू, आणि कारण नीट न कळलेला मृत्यू. या दोन रकान्यांत कॅथलिक जास्त सापडले, आणि ते जमेस धरले तर दोन पंथांतला फरक उरत नव्हता. डग्लसचा संशय येथे खरा ठरला. मात्र तो खरा ठरवला कशाने? मुलाखतीने नव्हे, मोजणीने.

हे दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. देशादेशांतला काही फरक खरा असू शकतो आणि दोन पंथांतला फरक नोंदीतला असू शकतो. प्रत्येक ठिकाणी वेगळे तपासावे लागते. तपासण्याची रीत मात्र एकच : ज्या रकान्यावर आपला सिद्धांत उभा आहे त्याच्या शेजारचे रकाने उघडून पाहायचे. आत्महत्या कमी दिसली तर अपघात वाढले आहेत काय ते पाहायचे. अन्वयार्थवादी संशय कोठे घ्यावा ते सांगतो, आणि तो संशय किती मोठा आहे ते मोजणी सांगते.

५

आता आपल्या देशाकडे येतो. कारण द्यूर्खेम स्वतःच येथे आलेला आहे. माणूस समूहात इतका विरघळलेला असतो की समूहाच्या आज्ञेने तो मरतो, अशा आत्महत्येचा एक प्रकार त्याने सांगितला आणि त्यात सती जाणाऱ्या हिंदू विधवांचे उदाहरण घेतले. त्याची व्याख्या येथे लावून पाहा. कृती कोणाची? चितेभोवती कोण उभे होते? बंगालमध्ये १८१३ च्या सूचनांनुसार सतीच्या जागी पोलिसाने ती स्त्री स्वखुशीने जाते आहे काय ते पाहायचे होते, आणि १८१५ ते १८२८ या काळात ८,१३४ सतींची सरकारी नोंद झाली. ही स्वखुशी त्या गर्दीत, त्या धुरात, दारोगाने ओळखायची होती! आणि अर्थ सांगायला कोण होते? पंडित. म्हणजे आकडा दारोग्याचा आणि अन्वयार्थ पंडिताचा. ती स्त्री दोन्हींत नाही.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. त्यात त्यांनी सतीकडे पाहिले ते पद्धतीच्या दृष्टीनेही शिकण्यासारखे आहे. जातीला आपल्याच आत लग्ने करायची तर स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला की एक स्त्री जास्त होते. ती जातीबाहेर लग्न करील, किंवा जातीतल्या कुमारिकेचा वाटा घेईल. तिला जाळणे किंवा सक्तीचे वैधव्य देणे, हे त्या हिशेबातून निघते. ही मांडणी व्यक्तीच्या मनाबाहेरच्या बळाची आहे. द्यूर्खेमच्या घराण्यातली म्हणता येईल. पण बाबासाहेब तेथे थांबले नाहीत. या चालीचा एवढा गौरव का झाला, असे त्यांनी विचारले. गौरव होता म्हणून चाल पडली असे नव्हे, चाल पडली म्हणून तिला गोड करून सांगावे लागले, असे त्यांचे उत्तर आहे. अर्थ आहे, तो अभ्यासलाही पाहिजे. पण अर्थ सांगणाऱ्याचे त्यात काय गुंतले आहे ते पाहून.

अन्वयार्थवादाची मोठी मर्यादा येथेच आहे, आणि ती आपण सांगायला हवी. जवळ जाऊन समजून घेणे चांगले, पण जवळ कोणाच्या? एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात राहून अभ्यास केला आणि १९७६ मध्ये त्या गावावर अतिशय वाचनीय ग्रंथ लिहिला. ते राहिले गावच्या प्रमुखाच्या आवारात. त्यामुळे अस्पृश्य वस्तीशी आपला संबंध मर्यादित राहिला, हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलेही आहे. पाटलाच्या ओसरीवरून गाव समजून घेतले की गावाचा अर्थ पाटलाचा निघतो. प्रश्नावलीत जो पक्षपात असतो तो कागदावर दिसतो, कारण प्रश्न छापलेला असतो. ओसरीचा पक्षपात छापलेला नसतो. तो संशोधकाने स्वतः सांगितला तरच कळतो.

६

शेवटी विदर्भ. आपल्या वाचकांतले अनेकजण शेतकरी आत्महत्यांवर काम करतात, लिहितात, आकडे देतात. तो आकडा दोन वाटांनी येतो. एक वाट पोलिसांची : अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन, व्यवसायाचा रकाना, आणि मग दिल्लीतल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल. दुसरी वाट महसूल खात्याची : तलाठ्याचा अहवाल, तहसीलदार, आणि जिल्हाधिकाऱ्यांची समिती. ती मृत्यू पात्र की अपात्र ठरवते, कारण मदत पात्र कुटुंबालाच मिळते. त्यासाठी कुटुंबाच्या नावे जमीन आहे काय, बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज थकले आहे काय, असे पाहिले जाते.

हा प्रश्न कॉरोनरच्या चौथ्या खुणेसारखाच आहे. शेतकरी कसा असतो याची कल्पना आधी ठरलेली आहे : नावावर सातबारा, बँकेचे कर्ज, पुरुष. जी बाई आयुष्यभर शेत कसते पण जिचे नाव उताऱ्यावर नाही, जो बटाईने दुसऱ्याची जमीन करतो, ज्याने हातउसने घेतले आहेत, तो या कल्पनेत बसत नाही. आणि ज्याच्या घराण्याला जमीन कधी मिळूच दिली गेली नाही, तो मजूर तर मुळातच नाही.

राष्ट्रीय अहवालात २०१३ सालासाठी शेती करणाऱ्यांच्या ११,७७२ आत्महत्या आहेत. २०१४ सालासाठी शेतकऱ्यांच्या ५,६५०. एका वर्षात निम्म्याहून कमी! पण त्याच २०१४ च्या अहवालात शेतमजुरांचा वेगळा रकाना आला, आणि त्यात ६,७१० मृत्यू आहेत. दोन्ही मिळून होतात १२,३६०. व्याख्या बदलली आणि रकाने फुटले. जो केवळ पहिला रकाना पाहील तो म्हणेल, संकट ओसरले. जो आकडेच खोटे म्हणून फेकून देईल, त्याला या ६,७१० मजुरांबद्दल बोलताच येणार नाही. शेजारचा रकाना उघडणाऱ्यालाच दिसते की शेतीवरच्या मरणात मोठा वाटा ज्यांच्याकडे शेती नाही त्यांचा आहे.

परंतु त्या रकान्यापाशी मोजणी संपते. मजुराला कर्ज कोणाचे होते, त्याची थकबाकी कोणत्या कागदावर होती, त्याच्या मरणाला कारण म्हणून घरगुती भांडण किंवा दारू कोणी लिहिले आणि कोणाला विचारून लिहिले, हे त्याच्या घरी जाऊन, वस्तीत बसून, पंचनाम्यावर सह्या करणाऱ्या पंचांना विचारूनच कळेल. तेथे मुलाखत लागते, आणि मुलाखत घेताना शेजारी पोलीस पाटील उभा नसावा लागतो.

द्यूर्खेमने आपल्या ग्रंथात आणखी एक प्रकार सांगितला होता. ज्यांच्यावरचे नियमन असह्य आहे, ज्यांचा पुढचा सारा मार्ग दुसऱ्यांनी निर्दयपणे बंद करून टाकला आहे, अशांची आत्महत्या. उदाहरण म्हणून त्याने गुलामांचे नाव घेतले. आणि आजच्या काळात याला फारसे महत्त्व नाही म्हणून हा प्रकार एका तळटीपेत टाकून तो पुढे गेला. त्याच्या वह्यांत तशा मृत्यूंसाठी रकाना नव्हता. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी या विषयावर प्रबंध करणार असेल, तर ती तळटीप हे त्याचे पहिले प्रकरण होऊ शकते. त्याने मोजणीही करावी आणि वस्तीतही जावे. मात्र दोन्हींच्या आधी पोलीस ठाण्यातली अकस्मात मृत्यूंची वही मागून घ्यावी, आणि व्यवसायाच्या रकान्यात कोणत्या हाताने काय लिहिले आहे ते एकेक ओळ वाचावे.